ट्रेडमिलवर इंटरव्हल : चौथ्या फेरीलाच अंधारी आली, नवख्यानं नेमकं कसं बसवायचं?

शाहूपुरीकर | १६ जून, रात्री ९:४०

मंडळी, वय ४३, वजन ८४, नोकरी बसून. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट गेले तीन आठवडे बंद. दुसऱ्या मजल्यावर पोचलो की मी मोबाइल काढून काहीतरी महत्त्वाचं आल्यासारखं बघत उभा राहतो. तेवढ्यात पुढच्या वर्षी रिटायर होणारे आमचे शिपाईमामा हातात चहाची किटली घेऊन शेजारून वर निघून जातात. किटली भरलेली असते, हे महत्त्वाचं.

मेमध्ये रंकाळ्याला फिरायला जात होतो. पाऊस लागला आणि ते बंद पडलं, म्हणून जवळच्या जिमला तीन महिन्यांचे पैसे भरले. एका व्हिडिओत सांगितलं होतं, एक मिनिट जोरात, एक मिनिट सावकाश, अशा दहा फेऱ्या. काल केलं. ताशी १० किलोमीटरच्या स्पीडला एक मिनिट, ५ ला एक मिनिट. तिसऱ्या फेरीला हँडल धरलं. चौथी झाल्यावर स्टॉप दाबून तसाच उभा राहिलो तर डोळ्यांपुढं अंधारी. घड्याळात ठोके १७४. आज जिना उतरताना दोन्ही नडग्या दुखतायत.

मला मॅरेथॉन पळायची नाही. तिसऱ्या मजल्यावर पोचून समोरच्याला नीट नमस्कार म्हणता आला पाहिजे, आणि पावसाळा संपल्यावर एकदा ज्योतिबाच्या पायऱ्या न थांबता चढायच्यात. तर जोराचा स्पीड किती ठेवायचा, किती वेळ, आठवड्यातून किती दिवस, आणि दर आठवड्याला वाढवायचं ते नक्की काय?

भावड्या_मंगळवारपेठ | १६ जून, रात्री ९:५२

पहिल्याच दिवशी १०? नाद खुळा! भावा, पोलीस भरती हाय काय?

जोशीकाकू | १६ जून, रात्री १०:१५

घेऊ नका हो. आमच्याकडे चार वर्षांपूर्वी मुलानं हौसेनं आणला. पहिला महिना मुलगा पळाला, दुसरा महिना सून चालली, आता पावसाळ्यात त्याच्यावर सगळ्या घराचे कपडे वाळतात. हँडलला हँगर मात्र छान बसतात.

शाहूपुरीकर | १६ जून, रात्री १०:२१

काकू, विकत घेत नाहीय, जिममधला आहे :)

फिटनेस_फंडा | १६ जून, रात्री ११:०५

हिशेब सोपा आहे. २२० वजा ४३ म्हणजे १७७. इंटरव्हलमध्ये ठोके याच्या ९० टक्क्यांपर्यंत, म्हणजे साधारण १६० ला गेलेच पाहिजेत, नाहीतर ते इंटरव्हल नाही, नुसतं फिरणं. त्यात तुम्ही चूक काहीच केलेली नाही, फक्त वेळ जास्त झाला. एक मिनिटाऐवजी ३० सेकंद जोरात आणि ३० सेकंद आराम करा. आणि चढ कायम १ टक्का ठेवा. सपाट ट्रेडमिलवरचं पळणं खरं पळणं नसतं, कारण समोरून वारा लागत नाही.

तालीमवाला | १७ जून, सकाळी ६:१०

जाग्यावर पळून दम वाढतोय व्हय? आमचे वस्ताद पहाटे चारला उठवून पन्हाळ्याच्या चढाला पळवायचे. पायाखालची जमीन मागं जायला नको, आपण पुढं गेलो पाहिजे. ज्योतिबाच्या पायऱ्या चढायच्यात ना? मग ज्योतिबाच्या पायऱ्याच चढा की.

पीटी_मास्तर | १७ जून, दुपारी ४:३०

शाळेत तीस वर्षं मुलं पळवली, निवृत्तीनंतर मोठी माणसं पळवतोय. मोठी माणसं जास्त अवघड, कारण त्यांना मुलांपेक्षा लवकर पोचायचं असतं.

आधी अंधारीबद्दल. पळताना पायाचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. तुम्ही पट्टा एकदम थांबवून उभे राहिलात की ते ढकलणं बंद होतं, रक्त पायात साचतं आणि डोकं हलकं होतं. म्हणून शेवटच्या फेरीनंतर पाच मिनिटं चालतच राहायचं, स्पीड हळूहळू उतरवत. पण चालत राहूनही पुन्हा अंधारी आली, किंवा छातीत दाबल्यासारखं झालं, तर हा धागा बंद करून डॉक्टरकडे जा. ४३ वय आणि बसून नोकरी म्हटल्यावर सुरू करण्याआधी बीपी तपासून घ्यायला हरकत नाहीच.

आता स्पीड. तुमचा जोराचा स्पीड व्हिडिओतल्या माणसानं ठरवायचा नाही, तुमच्या श्वासानं ठरवायचा. एक दिवस फक्त त्याच्यासाठी ठेवा. पाच मिनिटं ५ वर चाला. मग दर दोन मिनिटांनी अर्ध्यानं वाढवत जा, आणि प्रत्येक पायरीवर एक पाठ असलेलं वाक्य मोठ्यानं म्हणा. मी लोकांना मनाचे श्लोक म्हणायला लावतो, कुणी शाळेतली प्रतिज्ञा म्हणतं. ओळ एका श्वासात संपते तोवर तो स्पीड सोपा. जिथं ओळीचे दोन-तीन शब्दांचे तुकडे पडायला लागतात, तो तुमचा जोराचा स्पीड. त्याच्या पुढं जायचं नाही, थांबायचं. मधे ६.५ ते ७ च्या आसपास एक विचित्र जागा लागेल, जिथं चालणंही जड आणि पळणंही जड. तिथं रेंगाळू नका, त्या स्पीडला हलकं पळायला लागा.

फंडासाहेब, ३० सेकंदांबद्दल एक सांगतो. ५ वरून ७.५ किंवा ८ वर जायला पट्टाच दहा-बारा सेकंद घेतो, उतरायला तेवढेच. मग ३० सेकंदांतलं खरं पळणं किती उरलं? मैदानावर ३० सेकंद ठीक, मशिनवर नवख्यानं मिनिटाच्या खाली जाऊ नये. आणि मिनिट मोजायचं ते बटण दाबल्यापासून नाही, पट्टा स्पीडला पोचल्यापासून.

शाहूपुरीकर, आधी नडग्या शांत होऊ देत. मग ही चाचणी करून आकडे इथं लिहा, पुढचं तेव्हा सांगतो.

फिटनेस_फंडा | १७ जून, सायंकाळी ६:०२

सर, आदर आहे, पण मनाचे श्लोक म्हणून ट्रेनिंग होत नाही. घड्याळ कशाला घेतलंय मग?

सीमा_राजारामपुरी | १७ जून, सायंकाळी ७:४४

माझा अनुभव लिहिते. मला बीपीसाठी जी गोळी आहे ती ठोकेही आवरून धरते. जिममधल्या मुलानं मला सांगितलं, ताई तुमचे ठोके १५० ला जायला पाहिजेत. मी जीव तोडून पळत होते आणि घड्याळ १२० च्या वर हलायला तयार नाही. तो म्हणे अजून वाढवा. शेवटी डॉक्टरांनीच सांगितलं, या गोळीवर तो आकडा तुम्हाला लागू नाही, बोलता येतंय का ते बघा. त्यामुळे माझं मत मास्तरांच्या बाजूनं. मी रामरक्षा म्हणते, शेजारच्या मशिनवरची मुलं हसतात.

पीटी_मास्तर | १७ जून, रात्री ८:२०

घड्याळ वाईट नाही, पण ते उशिरा बोलतं. तुम्ही पळायला लागलात की ठोके लगेच वर जात नाहीत, चढायला मिनिटभर तरी घेतात. एका मिनिटाच्या फेरीत पळणं संपतं तेव्हा आकडा अजून वर चाललेला असतो, आणि बऱ्याचदा सगळ्यात मोठा आकडा चालायला लागल्यावर दिसतो. मग माणूस पळताना घड्याळ बघतो, १४० दिसतात, वाटतं कमी पडतंय, स्पीड वाढवतो. आकड्याच्या मागं लागून ८ चे १० होतात ते असे. शिवाय २२० वजा वय हा सरासरी अंदाज आहे. एकाच वयाच्या दोन माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो.

घड्याळाचा उपयोग वेगळा आहे. जोर संपल्यावर पुढच्या एका मिनिटात आकडा किती खाली येतो ते बघा आणि वहीत लिहा. आठवड्यांगणिक तो जास्त जास्त खाली यायला लागला की दम वाढतोय.

चकली | १७ जून, रात्री ९:०१

मास्तर, मनाचे श्लोक जास्तीत जास्त किती स्पीडला? म्हणजे जिममध्ये स्पर्धा ठेवता येईल.

शाहूपुरीकर | २२ जून, रात्री ९:१५

नडगी शांत झाल्यावर काल चाचणी केली. बीपी १२८/८४, डॉक्टर म्हणाले पळा, मीठ कमी करा. मी प्रतिज्ञा म्हटली. ५ आणि ५.५ ला आरामात. ६ ला जरा ओढून. ६.५ ला मास्तर म्हणाले तसंच, पाय काय करायचं ते ठरवेनात. ७ ला पळत म्हणता आली. ७.५ ला ‘भारत माझा... देश आहे... सारे भारतीय...’ असे तुकडे पडले. थांबलो.

सांगायला लाज वाटते, पण ७.५ म्हणजे शेजारची आजीबाईही पळेल असं दिसतं. हा खरंच जोराचा स्पीड?

पीटी_मास्तर | २२ जून, रात्री १०:०५

होय, तोच. दिसायला सोपा असलाच पाहिजे, कारण पहिली फेरी सोपी आणि सहावीही तशीच झाली तर त्याला इंटरव्हल म्हणायचं. पहिली जोरात आणि चौथीला हँडल, त्याला मी उधळपट्टी म्हणतो.

आता लिहून घ्या. आठ मिनिटं चालणं, शेवटची दोन मिनिटं ५.५ वर. मग ७.५ वर एक मिनिट, ५ वर दोन मिनिटं, अशा सहा फेऱ्या. नंतर पाच मिनिटं उतरत चालणं. सगळं मिळून अर्धा तास. असं आठवड्यातून दोनदा, मधे किमान एक दिवस मोकळा. तिसऱ्या दिवशी पळायचं नाही, पस्तीस-चाळीस मिनिटं सलग भरभर चालायचं, वाक्य पूर्ण बोलता येईल असं. हा तिसरा दिवस लोक आधी गाळतात आणि त्यातच खरा पाया असतो.

आराम दोन मिनिटांचा का, तर पुढची फेरी सुरू करताना तुम्हाला प्रतिज्ञेची ओळ पूर्ण म्हणता आली पाहिजे. नाही आली तर अजून अर्धा मिनिट चाला, त्यात कमीपणा नाही. तरीही नाही आली तर त्या दिवशीचं काम तिथंच संपलं.

आणि वाढवायचं काय? हातात चार खुंट्या आहेत : फेऱ्या, पळण्याचा वेळ, आरामाचा वेळ, स्पीड. एका वेळी एकच पिळायची, आणि स्पीड सगळ्यात शेवटी. दोन वेळा लागोपाठ शेवटची फेरी पहिलीसारखी झाली की पुढची पायरी. नाही झाली तर त्याच पायरीवर राहायचं. कॅलेंडरवर काय लिहिलंय ते बघायचं नाही.

हँडल धरायचं नाही. हँडल धरलं की वजन हातावर जातं, आणि आकडा ७.५ चा दिसला तरी काम ६ चं होतं. आणि पडलात तर पट्टा थांबवणारी ती लाल क्लिप शर्टाला लावा, शोभेची नाही ती.

तालीमवाला | २३ जून, सकाळी ६:००

क्लिप लावून पळायचं म्हणजे दावणीला बांधल्यागत झालं.

भावड्या_मंगळवारपेठ | २३ जून, सकाळी ८:३०

हसू नका, गेल्या पावसाळ्यात मी पळत असताना लाईट गेली. पट्टा गप्पकन थांबला आणि मी पुढच्या पॅनलला मिठी मारली. चार दिवस छातीवर बटणांचे ठसे होते. लाईट जाते तिथं क्लिप पण काय करणार म्हणा.

अमृता_कागल | २३ जून, दुपारी १२:१०

मला गुडघ्यामुळे पळायला मनाई आहे. माझ्यासारख्यांनी काय करायचं? की हा धागा फक्त पळणाऱ्यांसाठी?

पीटी_मास्तर | २३ जून, सायंकाळी ५:४०

अमृताताई, तुमच्यासाठी चढाचं बटण आहे. स्पीड ५ च ठेवायचा आणि चढ वाढवायचा. हिशेबानं ५ च्या स्पीडला १० टक्के चढ म्हणजे दमाच्या दृष्टीनं सपाटीवर ७ नं पळण्याइतकंच काम होतं, आणि पाय मात्र आदळत नाहीत. पण एकदम १० वर जाऊ नका. तुमच्या चाचणीत स्पीडऐवजी दोन-दोन टक्क्यांनी चढ वाढवा, ओळ तुटते तिथं थांबा. चढ बदलायला मशिन अजून जास्त वेळ घेतं, म्हणून फेऱ्या दोन-दोन मिनिटांच्या ठेवा. पोटऱ्या आणि टाचेच्या वरची शीर दुखायला लागली तर चढ कमी. हँडल धरून मागं रेलायचं नाही, तसं केलं तर चढ फक्त पडद्यावर राहतो. गुडघ्याच्या डॉक्टरांना मात्र चढाबद्दल आधी विचारा, सगळ्या गुडघ्यांना चढ मानवतोच असं नाही.

फिटनेस_फंडा | २३ जून, सायंकाळी ६:१५

म्हणजे चढ महत्त्वाचा आहे हे मान्य झालं तर. मग १ टक्क्याला विरोध का?

पीटी_मास्तर | २३ जून, सायंकाळी ७:००

विरोध नाही. वाऱ्याची भरपाई म्हणून १ टक्का, हे जोरात पळणाऱ्यांसाठी खरं आहे. ७.५ नं पळणाऱ्याला वारा लागतो किती? ठेवा हवं तर, पण मग चाचणीही १ वरच करा.

फिटनेस_फंडा | २३ जून, सायंकाळी ७:१२

मला नाही पटलं, मी १ वरच ठेवणार.

शाहूपुरीकर | ८ जुलै, रात्री १०:१०

अहवाल. सहा फेऱ्यांच्या चार वेळा झाल्या. पहिल्या दिवशी सहाव्या फेरीला जरा ओढ लागली, तिसऱ्या वेळी अजिबात नाही. या आठवड्यात त्याच मिनिटाच्या आठ फेऱ्या केल्या, सोप्या गेल्या. जोर संपल्यावर ठोके पहिल्या दिवशी मिनिटात १८ नं उतरले होते, आता २६ नं.

पण आज भलतंच झालं. खिडकीजवळचा माझा नेहमीचा ट्रेडमिल दुसऱ्यानं घेतला होता म्हणून कोपऱ्यातल्यावर गेलो. तेच ७.५, तेच एक मिनिट. दुसऱ्या फेरीलाच प्रतिज्ञेचे तुकडे सोडा, अक्षरं फुटेनात. तिसरीला थांबलो. दोन दिवसांत स्टॅमिना गेला कुठं?

चकली | ८ जुलै, रात्री १०:१८

काल कटाची आमटी, आज तांबडा-पांढरा. तिथं गेला.

पीटी_मास्तर | ८ जुलै, रात्री १०:४५

स्टॅमिना जागेवरच आहे. दोन मशिनचे ७.५ एकच आहेत कशावरून? मोजून बघा, अर्धा तास लागेल. मशिन बंद करून प्लग काढा. पट्ट्यावर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावा. पट्टा हातानं थोडा थोडा सरकवत टेपनं मोजत जा, तुकडा परत समोर आला की पट्ट्याची पूर्ण लांबी मिळाली. मग कुणालातरी ७.५ वर पळू द्या, कारण अंगाचं वजन पडलं की काही पट्टे हळू होतात. तुम्ही बाजूला उभं राहून मोबाइलवर एक मिनिटाचा स्लो मोशन व्हिडिओ घ्या आणि तुकडा किती वेळा येतो ते मोजा. ७.५ म्हणजे मिनिटाला १२५ मीटर पट्टा जायला हवा.

शाहूपुरीकर | ११ जुलै, रात्री ९:३०

जिमवाल्यानं आधी माझ्याकडे वेड्यासारखं बघितलं, मग स्वतःच टेप धरला. दोन्हींचा पट्टा ३ मीटर, एखाद्या सेंटीमीटरचा फरक. म्हणजे ४१-४२ वेळा तुकडा दिसायला हवा. कोपऱ्यातल्या मशिनवर ४१. आणि माझ्या लाडक्या खिडकीजवळच्यावर ३६! ३६ गुणिले ३ म्हणजे १०८ मीटर, तासाला साधारण साडेसहा किलोमीटर. तीन आठवडे मी ७.५ समजून ६.५ नं पळत होतो.

भावड्या_मंगळवारपेठ | ११ जुलै, रात्री ९:३६

काटा मारलेला ट्रेडमिल! वजनमापवाल्यांकडं तक्रार करा.

शाहूपुरीकर | ११ जुलै, रात्री ९:४०

आता सगळं पहिल्यापासून करायचं का?

पीटी_मास्तर | ११ जुलै, रात्री १०:१०

कशाला? शरीरानं आकडा वाचलाच नव्हता. ओळ तुटत होती तिथंच तुम्ही पळत होता, म्हणून काम बरोबरच झालं. आपण स्पीड श्वासावर ठरवला त्याचा हाच फायदा. एकच करा, पावसाळाभर मशिन बदलू नका. किंवा बदललं तर वहीत ‘खिडकी’ आणि ‘कोपरा’ असे दोन वेगळे आकडे ठेवा.

पुढची पायरी : फेऱ्या सहावर आणा आणि पळणं दीड मिनिट करा, आराम दोनच. ते बसलं की दोन मिनिटं पळणं, दोन आराम, पाच फेऱ्या. मग तीनला दोन, चार फेऱ्या.

फिटनेस_फंडा | ११ जुलै, रात्री ११:००

त्यापेक्षा चार मिनिटं जोर आणि तीन मिनिटं आराम, चार फेऱ्या, हे थेट का नाही? नॉर्वेवाल्यांची पद्धत म्हणून ती सगळीकडे सांगतात.

पीटी_मास्तर | १२ जुलै, सकाळी ७:३०

पद्धत चांगलीच आहे. फक्त त्यात चार मिनिटं बरीच कडक जातात, आणि पळायला लागून महिना झालेल्याला सलग चार मिनिटं एकाच कडक चालीत राहता येत नाही. पहिल्या मिनिटात उधळतो, चौथ्यात रांगतो. तिथं जायचंच आहे, पण पायऱ्यांनी.

शाहूपुरीकर | २८ जुलै, रात्री ९:५०

दोन-दोन मिनिटांवर होतो आणि मधे गाडी अडली. धो धो पाऊस, पंचगंगेचं पाणी वाढलं, जिम पाच दिवस बंद. त्याआधी घरी ताप. एकूण अकरा दिवस काहीच नाही. परत गेलो तर दोन मिनिटांची तिसरी फेरी जड गेली. शिवाय उजव्या नडगीच्या आतल्या बाजूला पुन्हा दुखतंय. सुरुवातीला दुखतं, गरम झालं की कमी होतं.

सीमा_राजारामपुरी | २८ जुलै, रात्री १०:०५

ताप गेल्यावर लगेच जोर नको हो. मी तो मूर्खपणा करून बसलेय, महिनाभर खोकला.

पीटी_मास्तर | २८ जुलै, रात्री १०:४०

सीमाताई बरोबर. एक पायरी मागं या, दीड मिनिटावर, आठवडाभर. अकरा दिवसांत गेलेलं लवकर परत येतं.

नडगीचं असं बघा. बोटानं हाडावरून चाचपत जा. दुखणं वीतभर पट्ट्यात पसरलेलं असेल आणि गरम झाल्यावर कमी होत असेल तर आघात जास्त झालाय, दोन-तीन दिवस नुसतं चाला. पण एका बोटाखाली येईल असा एकच बिंदू ठणकत असेल, चालतानाही किंवा रात्री झोपेतही, तर पळणं बंद आणि हाडांच्या डॉक्टरकडे. तिथं हाडाला बारीक तडा असू शकतो.

पळता कसे तेही बघा. ट्रेडमिलवर लोक पाय लांब पुढं टाकतात आणि टाच आदळतात. जिममध्ये तुमच्या मशिनचा आवाज शेजाऱ्यापेक्षा मोठा येतो का? येत असेल तर पावलं छोटी आणि लवकर लवकर टाका, स्पीड तोच ठेवून. आवाज कमी झाला की नडगीवरचा मारही कमी झाला.

शाहूपुरीकर | २८ जुलै, रात्री १०:५५

बिंदू नाही, पसरलेलं आहे. आवाजाचं मात्र खरं. जिमवाला मागेच म्हणाला होता, साहेब खालच्या दुकानदाराची तक्रार आहे.

अमृता_कागल | ३ ऑगस्ट, दुपारी ३:२०

माझाही अहवाल. डॉक्टर म्हणाले चढ चालेल, उतार नको. ६ टक्क्याला ओळ तुटत होती, आता ८ ला तुटते. दोन मिनिटं चढ, दोन सपाट, पाच फेऱ्या. गुडघा गप्प आहे, पोटऱ्या बोलतायत.

तालीमवाला | ३ ऑगस्ट, सायंकाळी ६:४५

ताई, पोटऱ्यांना तेल लावून चोळा. आणि मास्तर, खरं सांगतो, काल पावसामुळं आमच्या पोरांना मी पण जिममध्ये नेलं. एकाला ८ वर ठेवून मारुती स्तोत्र म्हणायला लावलं. दुसऱ्या ओळीला थांबला, पण ते पाठ नव्हतं म्हणून.

शाहूपुरीकर | ३० ऑगस्ट, रात्री ९:२०

दहा आठवडे झाले. तीन मिनिटं पळणं, दोन आराम, अशा चार फेऱ्या झाल्या, मग चार मिनिटं पळणं, दोन आराम, अशा तीन फेऱ्या. शनिवारी मास्तरांना फोन न करता आगाऊपणा केला : खिडकीजवळच्या मशिनवर ७ लावलं आणि थांबलोच नाही. सतरा मिनिटं. शेवटची दोन मिनिटं ओळ तुटत होती, पण अंधारी नाही, हँडल नाही. जोरानंतर ठोके आता मिनिटात ३५ च्या आसपास उतरतात.

लिफ्ट अजून बंदच आहे. शुक्रवारी तिसऱ्या मजल्यावर न थांबता पोचलो. साहेब समोर उभे होते, नमस्कार म्हणालो, पूर्ण म्हणालो. शिपाईमामा मागं होते. त्या दिवशी किटली रिकामी होती, त्यामुळे हा निकाल धरायचा की नाही हे मला ठरवता येत नाही.

एक मात्र उलटं झालं. उघडीप मिळाली म्हणून काल रंकाळ्यावर पळायला गेलो. मशिनवर सतरा मिनिटं पळणारा माणूस तिथं सात मिनिटांत वाकून उभा. असं का?

फिटनेस_फंडा | ३० ऑगस्ट, रात्री ९:३१

वारा! मी सांगत होतो, १ टक्का ठेवा.

पीटी_मास्तर | ३० ऑगस्ट, रात्री १०:१५

वारा असेल थोडा. पण तुमचा ७ हा खिडकीजवळचा ७ आहे हे विसरलात, खरा सहाच्या आसपास असणार. आणि मशिन तुमच्यासाठी चाल धरून ठेवतं. बाहेर ती तुम्हाला धरायची असते. रंकाळ्यावर चार ओळखीचे दिसले की माणूस सुरुवातीलाच ९ नं निघतो. पुढच्या वेळी मोबाइलवर पहिला किलोमीटर किती मिनिटांत झाला ते बघा. साडेनऊ मिनिटांच्या आत झाला असेल तर उत्तर मिळालं.

तालीमवाला | ३१ ऑगस्ट, सकाळी ६:०५

मी पहिल्या दिवशी काय म्हणालो होतो?

शाहूपुरीकर | ३१ ऑगस्ट, सकाळी ८:५०

मास्तर, आज बघितलं. पहिला किलोमीटर ६ मिनिटं ५० सेकंद. गप्प बसतो.

ज्योतिबा ऑक्टोबरमध्ये ठरवतोय. तोवर आठवड्यातला एक दिवस अमृताताईंसारखा चढाचा करू का, की दोन्ही दिवस पळतच राहू?

अमृता_कागल | ३१ ऑगस्ट, सकाळी ९:३०

चढाचा करा. पायऱ्या चढताना कोण पळतं?

पीटी_मास्तर | ३१ ऑगस्ट, दुपारी ४:१०

एक दिवस चढ, एक दिवस पळणं. चढाला सुरुवात ४ टक्क्यांपासून, पोटऱ्यांना नवीन आहे. पण पायऱ्या उतरायच्याही असतात, आणि उतरण्याची तयारी ट्रेडमिलवर होत नाही. त्यासाठी ऑफिसचा जिनाच वापरावा लागेल.

जोशीकाकू | ३१ ऑगस्ट, रात्री ८:४०

सगळं वाचलं. छान चाललंय. आमचा ट्रेडमिल देऊन टाकायचा आहे, पट्टा मोजून देईन. कुणाला हवा असेल तर सांगा, हँगर सोबत देते.